मा. गव्हर्नर साहेब, शुक्रवारी दुपारी ३ वाजता चांगल्या बँकेनं जायचं कुठं?

मा. गव्हर्नर साहेब,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अर्बन बँकेत ३१ वर्षं नोकरी करून रिटायर झालेला माणूस आहे. शेवटची बरीच वर्षं फंड्स बघायचो, म्हणजे रोज संध्याकाळी कुठल्या शाखेत किती कॅश आहे, दुसऱ्या बँकांतल्या खात्यांत किती पडलेत, उद्या कुणाची मोठी फिक्स मॅच्युअर होतेय, हे एका वहीत आणि नंतर एक्सेलमध्ये मांडायचं काम. बँकेचं नाव सांगत नाही, ती आजही व्यवस्थित चालू आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार पण नाही. तक्रार आहे ती थोडीफार तुमच्याकडं, आणि तक्रारीपेक्षा मागणी आहे.

मार्च २०२३ मधली एक गंमत आठवत असेल. अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तिला सगळे एसव्हीबी म्हणायचे, आणि इकडं आपल्या मुंबईच्या एसव्हीसी बँकेला, म्हणजे आपली शामराव विठ्ठल, १९०६ सालची, तिला जाहीर खुलासा करावा लागला की बाबांनो आमचा आणि त्या कॅलिफोर्नियाच्या बँकेचा काही संबंध नाही. नावातली दोन अक्षरं सारखी, बस. सगळे हसले. मला नाही हसू आलं, कारण अफवेला कारण लागत नाही हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं बघितलेलं आहे.

आमच्याकडं काय झालं ते आधी सांगतो, साधारण पंधरा वर्षं झाली. आमच्या शेजारच्या गावातली एक पतसंस्था बंद पडली आणि गुरुवारी आठवडी बाजारात कुणीतरी सोडून दिलं की या पतसंस्थेत अर्बन बँकेचे पैसे अडकलेत. एक रुपया पण नव्हता हो अडकलेला. पण दुपारी दोनपर्यंत मेन शाखेत रांग. सर्वात आधी कोण आलं माहितीये का, आमचेच दोन पिग्मी एजंट, स्वतःच्या बायकांच्या नावावरच्या फिक्स मोडायला! ते बघून मग बाकीचे का थांबतील.

तेव्हा आमच्या ठेवी १४० कोटींच्या. रोजचे विथड्रॉवल ३०-३५ लाख. त्या गुरुवारी दीड कोटी गेले, शुक्रवारी चार कोटी. सगळ्या शाखांच्या तिजोऱ्या मिळून दोन कोटी आणि दुसऱ्या बँकांत करंट खात्याला तीन कोटी असे पाच कोटी हाताशी होते, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी शटर खाली आलं तेव्हा खरं तर आम्ही संपलो होतो. दिवसभरात जे थोडंफार भरणा म्हणून आलं होतं त्यावर तग धरला होता. आणि गंमत अशी की त्याच संध्याकाळी आमच्या नावावर तीसेक कोटींचे सरकारी रोखे होते. भारत सरकारचे! त्याच्याहून पक्कं या देशात काही नाही. पण ते रोखे आम्ही ठेवलेले एका मोठ्या बँकेमार्फत, विकायचे तर त्यांच्या डीलरला फोन करायचा, त्यानं दुपारपर्यंत सौदा केला तर पैसे दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी शनिवार. म्हणजे थेट सोमवार. सोमवारी खात्यात पैसे येणार, मग चाळीस किलोमीटरवरच्या करन्सी चेस्टमधून, म्हणजे तुमच्या नोटांच्या तिजोरीतून, कॅश उचलायची, चेस्टवाल्यांना आधी खात्यात पैसे दिसले पाहिजेत, मग गाडी, गार्ड, मोजणी. आणि शनिवारी सकाळी साडेदहाला लोक दारात उभे असणार.

आमच्यातल्या एका शहाण्यानं आयडिया काढली की दहा-दहाच्या नोटा द्या, सावकाश मोजा, वेळ काढा. मी त्याला तेव्हाच सांगितलं, आणि आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन, की रांग लांबवणं म्हणजे अफवेचा बोर्ड लावणं. रस्त्यानं जाणाऱ्याला बॅलन्स शीट दिसत नाही, रांग दिसते. आम्ही उलटं केलं, तीनाच्या जागी सहा काउंटर उघडले, क्लार्क लोकांना पण कॅशला बसवलं.

वाचलो कसे, तर आमच्या नऊ कोटींच्या फिक्स एका मोठ्या सहकारी बँकेत होत्या, त्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो. शुक्रवारी रात्री आमचे सीईओ त्यांच्या जनरल मॅनेजरच्या घरी जाऊन बसले. ओळख होती म्हणून. शनिवारी साडेनऊला आठ कोटींची लिमिट उघडली, अकराला चेस्टवरून गाडी आली, आणि दोनपर्यंत पाच कोटी वाटले. एकालाही "नंतर या" म्हटलं नाही. सोमवारी कसेबसे साठ लाख गेले, मंगळवारपासून लोक तेच पैसे परत भरायला यायला लागले. शनिवारी एका आजीनं प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक काढून सगळेच्या सगळे दोन लाख ऐंशी हजार घेतले, परत मोजले, आणि मग मलाच विचारते, "साहेब, एवढे पैसे घरी कुठं ठेवू, तुमच्याकडं लॉकर रिकामा आहे का?"

त्या जनरल मॅनेजरशी ओळख नसती तर? हाच माझा प्रश्न आहे साहेब. बँक तीच, कर्जं तीच, एनपीए तेवढाच, फक्त एक फोन लागला नसता तर शनिवारी दुपारी आम्ही बुडालेली बँक झालो असतो.

आता "बँक चांगली असेल तर बुडेल कशाला" असं म्हणणारे खूप भेटतात, शिकले-सवरलेले पण, म्हणून एक हिशोब मांडतो. समजा एक बँक आहे, ठेवी १०० कोटी, स्वतःचं भांडवल १० कोटी, एकूण ११०. हे ११० कुठं आहेत? कॅश आणि सीआरआर म्हणून तुमच्याकडं ठेवावी लागणारी रोख मिळून ५, दुसऱ्या बँकांत फिक्स ८, सरकारी रोखे १८, इमारती-फर्निचर २, आणि उरलेली ७७ कोटी कर्जं. कर्जं सगळी नियमित, घरांची, ट्रॅक्टरची, दुकानदारांची कॅश क्रेडिट. म्हणजे एकदम धडधाकट बँक. सीआरआर किंवा एसएलआर, म्हणजे सरकारी रोख्यांत वगैरे ठेवावाच लागणारा हिस्सा, मोडला म्हणून दंड वगैरे बसेल ते तूर्त बाजूला ठेवू.

अफवा उठली आणि ४५ कोटी मागायला लोक आले. कॅश ५ दिली, फिक्स मोडून ८ दिले, रोखे विकले. रोखे घेतले तेव्हा व्याजदर कमी होते, आता वाढलेत, त्यामुळं १८ चे १७ च आले. झाले ३०. अजून १५ हवेत आणि शिल्लक फक्त कर्जं. कर्जदाराला जाऊन "वीस वर्षांचं होम लोन उद्या फेड" म्हणता येत नाही. सोनंतारण असेल तर थोडंफार लवकर सुटतं, बाकीचं नाही. मग ती कर्जंच दुसऱ्या कुणाला विकायची, आणि घेणाऱ्याला माहितीये की तुम्ही गळ्यापर्यंत बुडालात, तो रुपयाला साठ पैसे देणार. १५ कोटी उभे करायला २५ कोटींची चांगली कर्जं घालवायची. तोटा १० कोटी. रोख्यांवरचा एक धरला तर ११. भांडवल होतं १०.

संपली बँक. सोमवारी ती धडधाकट होती आणि शुक्रवारी खरोखरची दिवाळखोर झाली, मधे एकाही कर्जदारानं हप्ता चुकवलेला नाही. आणि रांगेत न आलेले जे ५५ कोटीवाले, ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांच्यासाठी उरले ५२ कोटींची कर्जं आणि २ कोटींची इमारत. म्हणून तर जाणकार माणूससुद्धा रांगेत उभा राहतो. त्याला माहीत असतं बँक चांगली आहे, पण त्याला हेही माहीत असतं की पहिल्याला पूर्ण मिळतात आणि शेवटच्याला जे उरेल ते. लोकांना येडं म्हणू नका, त्यांचा हिशोब बरोबर असतो.

आता हेच परत खेळू. त्या १५ कोटींसाठी बँकेनं तीच २५ कोटींची कर्जाची कागदपत्रं विकली नाहीत, तुमच्याकडं तारण ठेवली. तुम्ही तोच साठ टक्के हिशोब लावा, वर व्याज चढं लावा. बँकेला १५ कोटी मिळाले, तोटा शून्य, कारण २५ कोटींची कर्जं तिचीच राहिली, हप्ते येत राहिले, आठ-पंधरा दिवसांत ठेवी परत आल्या की तुमचे पैसे व्याजासकट चुकते. रोखे पण विकण्याऐवजी गहाण ठेवले तर तो एक कोटी सुद्धा वाचला. एवढाच फरक आहे विकण्यात आणि गहाण ठेवण्यात, आणि जगात हे गहाण ठरलेल्या भावानं, घाबरून न जाता, कितीही रकमेला घेऊ शकणारी एकच पार्टी असते, जी स्वतः नोटा छापते. बाकीच्या बँका अशा वेळी स्वतःचीच कॅश धरून बसतात.

"पण विमा आहे ना" असं म्हणाल. आहे, आणि चांगला आहे. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली त्या धक्क्यातून हा विमा आला, १ जानेवारी १९६२ पासून, तेव्हा माणशी १,५०० रुपये. १९९३ मध्ये एक लाख झाला आणि पुढं तब्बल २७ वर्षं तिथंच अडकून बसला, फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तरी ९० दिवसांत पैसे मिळतात, ही फार मोठी गोष्ट झाली, त्याआधी लोक वर्षानुवर्षं हेलपाटे मारायचे.

पण विमा कुणाला थांबवतो ते बघा. मार्च २०२४ च्या आकड्यांनुसार देशातली ९७ टक्क्यांहून जास्त खाती पूर्ण विम्यात बसतात, पण रकमेच्या हिशोबानं ४३ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे ती दोन लाख ऐंशी हजारवाली आजी विम्यात आहे, आणि तिला ते माहीतही नाही. जे विम्याच्या बाहेर आहेत, हाउसिंग सोसायटीचा सिंकिंग फंड, शाळेची संस्था, पतसंस्था, देवस्थान, मोठा अडत्या, ते सगळे माहितगार, त्यांना मोबाईलवर पाच मिनिटांत पैसे हलवता येतात. रन, म्हणजे एकदम सगळे पैसे काढून घेणं, हे लोक करतात, रांग आजी लावते. शिवाय ९० दिवस हा आकडा कायद्याच्या पुस्तकात छोटा दिसतो, पण ज्याची लग्नाची तारीख पुढच्या महिन्यात आहे किंवा दुकानदार ज्याला उद्या माल उचलायचाय, त्याला ९० दिवस म्हणजे पैसे नाहीतच. आणि मूळ मुद्दा असा की विमा ठेवीदाराला पैसे देतो, बँकेला नाही. तो बँक बंद पडल्यावर येतो. एलआयसीची पॉलिसी काढली आहे म्हणून अटॅक आलेल्या माणसाला दवाखान्यात नेऊ नका असं कुणी म्हणतं का?

विमा अर्धवट असला आणि मदत उघडपणे चुकीच्या पद्धतीनं दिली तर काय होतं याचा नमुना बघायचा तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलची नॉर्दर्न रॉक बँक. २००७. घरकर्जं देणारी बँक, आणि ठेवींवर फार अवलंबून नव्हती, कर्जं एकत्र बांधून त्यावरचे रोखे बाजारात विकायची आणि त्या पैशातून पुढची कर्जं. ऑगस्ट २००७ मध्ये हा बाजारच गोठला. घरांचे हप्ते व्यवस्थित येत होते, तिथल्या नियामकाचं म्हणणं होतं की बँक सॉल्व्हंट आहे, म्हणजे देण्यापेक्षा मालमत्ता जास्त आहे, फक्त रोज लागणारा पैसा मिळेना. महिनाभर दुसरी बँक विकत घेईल का वगैरे चाललं, आणि शेवटी तिथल्या रिझर्व्ह बँकेनं, म्हणजे बँक ऑफ इंग्लंडनं, आणीबाणीचं कर्ज द्यायचं ठरवलं. इथवर ठीक. पण घोषणा व्हायच्या आदल्या रात्री, १३ सप्टेंबरला, बीबीसीनं बातमी फोडली. लोकांनी ऐकलं काय, तर "बँकेनं सरकारी मदत मागितली". सकाळी शाखांपुढं रांगा. शुक्रवार, शनिवार, सोमवार. वेबसाइट जॅम. चारेक दिवसांत साडेचार अब्ज पाउंडांच्या आसपास बाहेर गेले, ब्रिटनमध्ये शे-सव्वाशे वर्षांत अशा रांगा कुणी पाहिल्या नव्हत्या.

आता त्यांच्या विम्याचं डिझाइन बघा. पहिले २,००० पाउंड पूर्ण, त्यापुढच्या ३३,००० चे फक्त ९० टक्के, त्यावर काही नाही. असं का, तर ठेवीदाराला थोडी झळ बसली की तो बँकेवर लक्ष ठेवेल! कुठल्या तरी एसी खोलीत बसून सुचलेली कल्पना असणार. ३५,००० पाउंड असलेल्या पेन्शनराला ३,३०० चा फटका बसणार आणि उरलेले कधी मिळतील सांगता येत नाही, तर तो लक्ष ठेवायच्या भानगडीत कशाला पडेल, तो सरळ पहाटे जाऊन रांगेत उभा राहील. तसाच राहिला. आणि रांग थांबली कशानं, तर बँक ऑफ इंग्लंडच्या कर्जानं नाही. सोमवारी संध्याकाळी अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी जाहीर केलं की नॉर्दर्न रॉकमधल्या सगळ्या ठेवींना सरकारची हमी, तेव्हा थांबली. तोवर बँकेची अब्रू गेलेली होती, फेब्रुवारी २००८ मध्ये ती सरकारनंच ताब्यात घेतली.

धडा त्यांनी घेतला म्हणायचा, कारण पुढच्याच वर्षी ऑक्टोबर २००८ मध्ये आरबीएस आणि एचबीओएस या दोन बँकांना बँक ऑफ इंग्लंडनं गुपचूप कर्ज दिलं, सर्वाधिक होतं तेव्हा ६१.६ अब्ज पाउंड, आणि ते जनतेला कळलं थेट नोव्हेंबर २००९ मध्ये, पैसे परत आल्यावर. कुठंही रांग लागली नाही. लोकांपासून लपवणं बरोबर की चूक यावर वाद घाला हवं तर, मला सुद्धा ते पूर्ण पटत नाही. पण कर्ज देणं आणि कर्ज दिलं म्हणून जाहीर करणं ही दोन वेगळी कामं आहेत एवढं नक्की.

तुम्हाला हे जमत नाही असंही नाही. अमेरिकेतली लेहमन बँक बुडाल्यावर सप्टेंबर २००८ मध्ये आयसीआयसीआय बँकेबद्दल अफवा उठल्या, एटीएमबाहेर गर्दी झाली, तर ३० सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेनं स्वतः निवेदन काढलं की बँकेकडं भांडवल आणि रोख पुरेशी आहे, आणि शाखांना-एटीएमना कॅश कमी पडू नये याची व्यवस्था केली आहे. निवेदन आणि नोटा एकाच दिवशी. असंच पाहिजे. पण ती एवढी मोठी बँक होती. तालुक्याच्या बँकेसाठी तुमचं निवेदन कधी निघतं? निघतं ते कलम ३५अ चं, की आजपासून एका खात्यातून एवढेच रुपये काढता येतील. ते निघालं की बँक चांगली असो वा वाईट, लोकांच्या लेखी संपलीच, आणि त्यातून परत उठून उभ्या राहिलेल्या बँका मोजायला एका हाताची बोटं पुरतील असं आमच्या लाइनीत सगळे म्हणतात.

देशात दीड हजाराच्या जवळपास अर्बन बँका आहेत, त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. शेड्यूल्ड, म्हणजे तुमच्या कायद्याच्या यादीतल्या, त्यातल्या पन्नासेक. तुमच्या एलएएफ आणि एमएसएफच्या, म्हणजे बँकांना थोड्या दिवसांसाठी पैसे देणाऱ्या, खिडक्या या शेड्यूल्डवाल्यांना, त्याही भांडवलाचं प्रमाण, कोअर बँकिंग वगैरे अटी पाळल्या तर. आणि तिथंही तारण म्हणून चालतात सरकारी रोखे. म्हणजे माझ्या वरच्या हिशोबातले पहिले १७-१८ कोटी सुटतील, शेवटच्या १५ चं काय? ७७ कोटींची चांगली कर्जं घेऊन ती बँक कुठल्या खिडकीवर जाणार? रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम १८ मध्ये आणीबाणीच्या प्रसंगी तुम्हाला योग्य वाटेल त्या तारणावर कर्ज द्यायचा अधिकार आहे, मला माहीत आहे. पण अधिकार असणं वेगळं आणि शुक्रवारी दुपारी तीनला त्याचा फॉर्म कुणाकडं द्यायचा हे शाखेला माहीत असणं वेगळं.

यावर तुमची खरी अडचण पण मला कळते, उगाच एकतर्फी बोलत नाही. दारात आलेली बँक अडचणीत आहे की आतून पोखरलेली आहे हे संध्याकाळी सहा वाजता कसं ओळखणार? पीएमसी बँक सप्टेंबर २०१९ पर्यंत कागदावर छान होती, मग कळलं की कर्जाचा मोठा हिस्सा एकाच बिल्डर ग्रुपला गेलेला आणि तो लपवायला हजारो खोटी खाती. तिथं रोख ओतली असती तर माहितगार लोक ती घेऊन पळाले असते आणि भोक तेवढंच राहिलं असतं. आणि दुसरं, बँक शेवटी बुडालीच तर तुम्ही तारण म्हणून सगळी चांगली कर्जं आधीच उचललेली असतात, मग विमा महामंडळाच्या आणि मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला गाळ येतो. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तर दर चढा, तारण भक्कम आणि मुदत छोटी, हे दीडशे वर्षांपासून सगळे सांगत आलेत.

पण माझं म्हणणं असं की "बँक चांगली आहे का" हा प्रश्न त्या संध्याकाळी विचारूच नका. "ही कागदं चांगली आहेत का" एवढंच विचारा, आणि तेही त्या संध्याकाळी नाही, सहा महिने आधी. प्रत्येक बँकेनं आपल्या कर्जांतली साधी-सरळ, जुनी, नियमित हप्त्यांची, छोटी छोटी अशी कर्जं निवडून त्यांची यादी आणि गहाणखतं आधीच तुमच्याकडं किंवा तुम्ही सांगाल त्याच्याकडं नोंदवून ठेवायची. तुमच्या इन्स्पेक्टरनं वर्षातून एकदा त्यातली वीस-पंचवीस खाती उघडून कर्जदाराच्या दारापर्यंत जाऊन बघायची. पीएमसीसारखी खोटी खाती असतील तर तिथंच सापडतील, कारण एका बिल्डरचं कर्ज एकवीस हजार नावांत वाटलं तरी त्या नावांना दरवाजे नसतात. मग त्या यादीवर एक आकडा ठरेल, की या बँकेला कधीही, रुपयाला साठ पैसे हिशोबानं, एवढे कोटी. गहाण आधीच झालेलं असलं की त्या दिवशी फक्त फोन.

हे आधी करायचं एवढ्यासाठी की ऐनवेळी होत नाही. परत त्या सिलिकॉन व्हॅली बँकेवर येतो. ९ मार्च २०२३ ला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर गेले, दुसऱ्या दिवशी आणखी शंभर अब्ज जायच्या बेतात होते. तिच्या ९० टक्क्यांहून जास्त ठेवी विम्याच्या बाहेर. ती बँक कितपत सॉल्व्हंट होती यावर वाद आहे, रोख्यांत तिचा मोठा तोटा दडलेला होता, तो मी नाकारत नाही. पण अमेरिकेत फेडची, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेची, खिडकी उघडी होती, त्यावर कर्जं पण तारण चालतात, आणि तरीही या बँकेला त्या दिवशी वेळेत तारण तिकडं हलवता आलं नाही. फेडच्याच अहवालात आहे की २०२२ मध्ये त्यांनी ती खिडकी एकदाही वापरून बघितली नव्हती. एवढी मोठी बँक, एवढे पगार, आणि फंड्सच्या माणसाला कागद कुठल्या दारानं जातात ते माहीत नाही! आमच्या सीईओंना निदान त्या जनरल मॅनेजरचं घर तरी माहीत होतं.

आणि आमच्या वेळी एक नशीब होतं, शनिवारी दुपारी दोनला शटर खाली यायचं आणि सोमवारी साडेदहाला वर, मधे रविवार. माणसं घरी जाऊन जेवायची, झोपायची, डोकं शांत व्हायचं. आता आरटीजीएस चोवीस तास, युपीआय चोवीस तास, रविवारी मध्यरात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला की एक वाजेपर्यंत पैसे निघालेले असतात, आणि रोख्यांचा बाजार मात्र शनिवार-रविवार बंदच. पैसे बाहेर जायचं दार कायम उघडं आणि आत यायचं दार ऑफिसच्या वेळेत.

छोट्या बँकांना तुम्ही थेट हात देणं अवघड असेल तर अर्बन बँकांची शिखर संस्था आहे ना आता, एनयूसीएफडीसी, २ मार्च २०२४ ला सुरू झाली, सभासद बँकांना लिक्विडिटी देणं हे तिच्या कामात आहेच. पण तिचं स्वतःचं भांडवल कितीही जमवलं तरी एकाच आठवड्यात दोन जिल्ह्यांत अफवा उठली तर पुरणार नाही. तिच्या पाठीमागं तुमची लाइन हवी, की तिनं तपासलेली कागदं ती पुढं तुमच्याकडं ठेवेल आणि तुम्ही तासाभरात पैसे द्याल. तिनं छाननी करायची, तुम्ही नोटा पुरवायच्या, आणि चूक झाली तर पहिला तोटा तिचा, म्हणजे ती डोळे उघडे ठेवून छाननी करेल.

आणि निर्बंध घालायची वेळ आलीच तर प्रेस नोटमध्ये दोन ओळी जास्त लिहा, की हे घोटाळ्यामुळं आहे की फक्त रोख कमी पडली म्हणून आहे. आत्ता दोन्हींची भाषा इतकी सारखी असते की वाचणाऱ्याला फरकच कळत नाही, मग तो वाईटच धरतो आणि शेजारच्या चांगल्या बँकेतून पण पैसे काढतो.

एक अगदी साधी गोष्ट तर या महिन्यात पण करता येईल. कुठलीही एक बिगरशेड्यूल्ड अर्बन बँक निवडा, लांबच्या तालुक्यातली, कुणाची ओळखपाळख नसलेली. तिच्या फंड्सच्या माणसाला सांगा की शुक्रवारी दुपारी तीन वाजता, काही गरज नसताना, एक कोटी रुपये मागून बघ. कुणाला फोन लागतो, तो कुणाकडं ढकलतो, कुठला कागद कमी पडतो, आणि शनिवारी सकाळी साडेदहाला चेस्टची गाडी शाखेपुढं उभी असते की नाही, हे तुमच्या माणसानं तिथं बसून घड्याळ लावून लिहून घ्यावं.

कळावे,
आपला,
एका तालुक्याच्या अर्बन बँकेचा निवृत्त फंड्स अधिकारी